साडेतीन तासांची झोप आणि टाकीभर पाणी

भंडाऱ्याच्या पश्चिमेला मौद्याचे औष्णिक वीज केंद्र आहे, २,३२० मेगावॅटचे. ईशान्येला तिरोड्याचे आहे, ३,३०० मेगावॅटचे. तिरोडा तर १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा निघेपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. म्हणजे साडेपाच हजार मेगावॅटहून अधिक वीज आमच्या उशापायथ्याशी तयार होते, उंच मनोऱ्यांवरून आमच्याच धानाच्या बांध्यांवरून गुणगुणत पुढे जाते, आणि खाली सपरीत बसलेली आमची आई पंख्याकडे बघत म्हणते, "गेली का रे लाईन?" पंखा थांबलेला दिसत असतो, तरी हा प्रश्न विचारायचाच असतो. आणि आम्हीही "हो, गेली" असे गंभीरपणे सांगायचेच असते.

यात तिरोड्याचा किंवा मौद्याचा काही दोष नाही. तिथे वीज कमी पडली म्हणून आमचा पंखा थांबत नाही. तो थांबतो शेवटच्या दोन-चार किलोमीटरमुळे. अकरा हजार व्होल्टची गावाकडे येणारी वाहिनी मोहाच्या नाहीतर चिंचेच्या फांदीला घासते, खांबावरची चिनी मातीची पिन पावसाच्या पहिल्या सरीत तडकते, डीपीतला फ्यूज उडतो. लोडशेडिंगच्या काळात, म्हणजे २००५ नंतरच्या सात-आठ वर्षांत, वीज वेळापत्रकाने जायची आणि वेळापत्रकाने यायची. लोक त्या हिशेबाने दळण दळून आणत, पाणी भरून ठेवत. आता ती वेळापत्रकाने जात नाही, तिच्या मर्जीने जाते. म्हणून घरात काहीतरी सोय हवी, यावर आमच्या आळीत एकमत आहे. सोय कोणती, यावर मात्र दोन पक्ष आहेत.

एका पक्षाचे पुढारी समोरचे गुरुजी. निवृत्त, गणिताचे, आणि म्हणून इन्व्हर्टरवाले. दुसऱ्या पक्षाचे पुढारी आमचे मिस्त्रीभाऊ. त्यांची उमर राईस मिलमध्ये इंजिने उघडण्यात गेली. ज्या यंत्राचा आवाज येत नाही ते चालू आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. "बॅटरीत काय हाय जी? पानीच तं हाय!" हा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असे नाही, पण त्या पाण्यात थोडे आम्लही असते.

गुरुजींच्या घरचा हिशेब मी मुद्दाम समजून घेतला, कारण तो आमच्या भागातल्या कुठल्याही मध्यम घराचा हिशेब आहे. तीन साधे पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे २२५. नऊ वॅटचे पाच दिवे, ४५. वायफायचे खोके १०, आणि मोबाइल चार्ज होत असतील तर २० धरा. झाले ३०० वॅट. एवढ्याला त्यांच्याकडे ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी आहे. इन्व्हर्टर साडेसात हजारांच्या आसपास, बॅटरी पंधरा हजारांच्या. ट्रॉली, वायर, जोडणी धरून तेवीस-चोवीस हजारांत काम होते.

आता १५० अँपिअर-तास आणि १२ व्होल्ट यांचा गुणाकार १,८०० होतो. त्याला ३०० ने भागले की सहा येतात. दुकानदार हाच भागाकार करून दाखवतो आणि सहा तासांचे आश्वासन देतो. प्रत्यक्षात गुरुजींचे पंखे साडेतीन तासांत थांबतात. गुरुजींनी याचा खुलासा मला फळ्यावर लिहावे तसा करून दिला. बॅटरीवरचा १५० हा आकडा वीस तास सावकाश वापरली तरचा आहे, म्हणजे तासाला साडेसात अँपिअर. इथे तर इन्व्हर्टर स्वतःचा वाटा खाऊन बॅटरीकडून तीस-एकतीस अँपिअर ओढतो. शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा, की घाईने मागाल तर ती एकूणच कमी देते. १५० चे मग ११० च्या आसपास उरतात. त्यामुळे साडेतीन तास ही फसवणूक नाही, ती रसायनाची बोली आहे. फसवणूक असते ती निराळी. १५० चे लेबल लावलेली हलकी बॅटरी विकली जाते. उंच ट्यूब्युलर १५० ची बॅटरी आम्लासह साधारण पन्नास किलोंच्या वर भरते. दुकानातला पोरगा ती एका हाताने उचलून ट्रॉलीवर ठेवत असेल, तर पोरगा पहिलवान नसून बॅटरीत शिसे कमी आहे असे समजावे.

मिस्त्रीभाऊंचा जनरेटर पेट्रोलवरचा आहे, दोन केव्हीएचा. असा चांगल्या कंपनीचा नवा घ्यायला गेले तर पंचेचाळीस-पन्नास हजार आणि त्याहून पुढेही लागतात. बिननावाचे पंचवीस हजारांतही मिळतात, पण त्यांचे सुटे भाग मिळवायला नागपूरची वारी करावी लागते. त्यांचा जनरेटर चालू होतो तेव्हा सगळ्या आळीला कळते की लाईन गेली आहे, ज्यांच्या घरी झोपेत असल्यामुळे हे अजून कळलेले नसते त्यांनासुद्धा.

मी एकदा दोघांनाही एकाच खाटेवर बसवले आणि वर्षाचा हिशेब मांडला. समजा, लाईन सरासरी रोज एक तास जाते. कधी दहा मिनिटे, कधी तीन तास, पण सरासरी एक तास. भार तोच, ३०० वॅट. वर्षाला ११० युनिट लागले.

जनरेटर ३०० वॅटच्या भाराला तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल पितो. तो दोन केव्हीएचा आहे, त्याला दीड हजार वॅट दिले तर लिटरभर लागेल. पण तीनशेच दिले म्हणून पाचव्या हिश्शाचे पेट्रोल पुरत नाही. इंजिन फिरते ठेवायलाच बरेचसे जाते. एका माणसाच्या जेवणासाठी पंगतीची चूल पेटवावी, तसे ते आहे. पेट्रोल १०५ रुपये धरले, तर तासाला साडेबावन्न रुपये, आणि हाती आले ०.३ युनिट. म्हणजे एक युनिट १७५ रुपयांना पडले. गुरुजींनी लगेच पुढचे गणित केले. लिटरभर पेट्रोलात साधारण नऊ युनिटांची उष्णता असते. अर्ध्या लिटरात साडेचार. त्यातले पंख्यापर्यंत पोचले ०.३. बाकीचे सगळे धूर, उष्णता आणि आवाज यांत गेले. "आवाज तं फुकट हाय ना जी," मिस्त्रीभाऊ म्हणाले.

वर्षाला ३६५ तासांचे पेट्रोल एकोणीस हजार रुपयांचे झाले. तेल दर शंभर तासांनी बदलायचे, अर्धा लिटरच्या आसपास. नवा असेल तर पहिल्यांदा वीस तासांतच बदलायचे, कारण नव्या इंजिनाची घासणारी धातूची पूड त्यात उतरलेली असते. प्लग, एअर फिल्टर, वर्षातून एकदा मेकॅनिक धरून दोन हजार. यंत्राची किंमत दहा वर्षांत वाटली तर साडेचार हजार. एकूण साडेपंचवीस हजार.

इन्व्हर्टरकडे येऊ. बॅटरीत भरलेली सगळी वीज परत मिळत नाही. एक युनिट वापरायला भिंतीतून दीड युनिट घ्यावे लागते असे धरले, म्हणजे ११० चे १६५ युनिट. दहा रुपयांनी साडेसोळाशे रुपये. बॅटरीचे पंधरा हजार चार वर्षांत वाटले तर पावणेचार हजार. कंपनी पाच वर्षांची वॉरंटी देते, पण आमच्या उन्हाळ्यात चारच धरावीत. बॅटरीचे तापमान सतत दहा अंशांनी चढलेले राहिले तर तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि मे महिन्यात आमची सपरी ४५ अंशांच्या घरात असते. इन्व्हर्टरचे साडेसातशे, पाण्याच्या बाटल्यांचे अडीचशे. शेवटी एक गुप्त खर्च. लाईन असते तेव्हाही इन्व्हर्टर जागाच असतो, बॅटरी भरलेली ठेवायला दहा-बारा वॅट खात असतो. बारा वॅट म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण चोवीस तास आणि ३६५ दिवस मोजले तर १०५ युनिट. लाईन गेल्यावर जेवढी वीज तो आपल्याला देतो, जवळपास तेवढीच तो वाट बघण्यात खातो. आणखी हजार रुपये. सगळे मिळून साडेसात हजारांच्या आसपास.

साडेसात आणि साडेपंचवीस. मिस्त्रीभाऊंनी तंबाखू मळण्याचा वेग वाढवला, पण ते हरले नाहीत. त्यांनी एक खरा मुद्दा काढला. "अन् लाईन गेलीच नाही तं?"

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. इन्व्हर्टरचा खर्च मुख्यतः असण्याचा आहे, वापरण्याचा नाही. लाईन वर्षभर गेली नाही तरी बॅटरी म्हातारी होते, जागरणाचे युनिट जातात, साधारण ५,८०० रुपये लागतातच. वापरण्याचे तासाला पाच रुपयेसुद्धा नाहीत. जनरेटरचा न वापरण्याचा खर्च पाच हजारांच्या आत-बाहेर, पण चालवला की तासाला पन्नासच्या वर. ही दोन खाती कुठे जुळतात ते गुरुजींनी काढले. वर्षाला पंधरा-वीस तास. त्याहून अधिक लाईन जात असेल तर इन्व्हर्टर स्वस्त. आमच्याकडे एका बरसातीतच तेवढे तास सहज भरतात. शहरात नव्या वसाहतीत, जिथे तारा जमिनीखालून गेल्या आहेत, तिथे मात्र कित्येक घरांत बॅटरी नुसतीच बसून बसून मरते.

तरी हा हिशेब एका ठिकाणी खोटा पडतो. तो ३६५ तास रोज एक-एक करून येतील असे धरतो. आमच्याकडे लाईन दोन तऱ्हांनी जाते. एक रोजची, टोचून जाणारी, अर्ध्या-पाऊण तासाची. दुसरी वर्षातून दोन-तीनदाच येते, पण मुक्कामाला येते. एप्रिल-मेमध्ये अवकाळी वादळ होते, खांब आडवे पडतात, डीपी जळते. डीपी जळली की नवी येईपर्यंत एक दिवस लागेल की चार, हे कोणी सांगू शकत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरातल्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. अशा वेळी तर पाण्यात बुडालेल्या वस्तीची वीज जिवासाठीच बंद ठेवावी लागते. तेव्हा साडेतीन तासांच्या बॅटरीने काय करायचे? चौथ्या तासाला इन्व्हर्टर टीं टीं करून आपले म्हणणे संपवतो. त्याला भरायला भिंतीत वीज नसते. नदीकाठच्या नातेवाइकांकडे त्या पुरानंतर मी एक बदल पाहिला. बॅटरीची ट्रॉली जमिनीवरून उठून भिंतीतल्या कमरेएवढ्या ओट्यावर गेली आहे. पन्नास किलो वर चढवताना घरातल्या पुरुषांच्या कमरा गेल्या, हा भाग वेगळा.

मुक्कामाच्या अंधारात घराला खरे काय लागते, हे मी आमच्या गृहमंत्र्यांना विचारले. मला वाटले पंखा म्हणतील. त्या म्हणाल्या, "पाणी." आणि तिथे सगळा वाद दुसऱ्याच दिशेला वळला.

आमच्या बोअरमध्ये एक अश्वशक्तीची मोटर आहे. ती चालू असताना हजार-अकराशे वॅट घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या तीन-चारपट, कधी जास्तही ओढते. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ते ऐकूनच ओव्हरलोडचा लाल दिवा लावतो. जनरेटरचेही तसे सोपे नाही. दोन केव्हीएचा कुथत उचलतो, कधी उचलत नाही. मोटर नुसती हुंहुं करते आणि फिरत नाही, तेव्हा लगेच बंद करायची, नाहीतर वाइंडिंग जळते. अडीच-तीन केव्हीएचा असेल तर निर्धास्त. पण एकदा मोटर उठली की जनरेटर त्याच्या आवडीच्या भारावर येतो. अर्ध्या तासात, अर्ध्या लिटर पेट्रोलात, हजार लिटरची टाकी भरते. तेच साडेबावन्न रुपये. पंख्यांवर खर्च केले तर तासभर वारा, मोटरवर खर्च केले तर सगळ्या घराचे दोन दिवसांचे पाणी. पहिला सौदा उधळपट्टीचा, दुसरा स्वस्ताईचा. यंत्र तेच.

तेव्हा मला वाटते, झोप बॅटरीवर घ्यावी आणि पाणी पेट्रोलवर चढवावे. हे गुरुजींना पटले नाही आणि मिस्त्रीभाऊंनाही पटले नाही, त्यावरून ते बरोबर असावे.

झोपेच्या बाजूने अजून एक गोष्ट पैशात मांडता येत नाही. रात्री दोनला, पाऊस चालू असताना, लाईन जाते. इन्व्हर्टर एका क्षणात उचलतो, आईची कूसही बदलत नाही. जनरेटरसाठी कोणीतरी उठायचे, टॉर्च शोधायची, पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, दोरीला दोन-चार हिसके द्यायचे. मिस्त्रीभाऊ हे आनंदाने करतात. पण ते बाहेरगावी असतात तेव्हा त्यांच्या घरात तो जनरेटर म्हणजे झाकलेले लोखंड असते. वहिनींच्या मनगटाला ती दोरी मानवत नाही, आणि सूनबाईंना पेट्रोलच्या वासाने मळमळते. वरून तो पावसात भिजवता येत नाही आणि घरात घेता येत नाही. घरात घेता येत नाही हे मी जोर देऊन लिहितो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला तो उठूच देत नाही. सपरी बंदिस्त असेल तर तीसुद्धा घरच. उघड्यावर, खिडकीपासून दूर, वर पत्र्याचे छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या, हीच त्याची जागा.

दुसरे एक भयंकर दृश्य मी लग्नघरांतून पाहिले आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की झाले सगळे घर उजळ. मेन स्विच पाडायचा राहिला, तर हीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीत चढून अकरा हजार व्होल्टची होते, आणि खांबावर चढलेल्या लाईनमनला वाटत असते की लाईन बंद आहे. जो माणूस आपली लाईन जोडायला भरपावसात आला त्यालाच. यावर उपाय चेंजओव्हर स्विच. घर एकतर महावितरणला जोडलेले राहील किंवा जनरेटरला, दोघांना एकदम नाही. वायरमनच्या मजुरीसह त्याला जे काही पडेल ते जनरेटरच्या किमतीतच धरावे.

देखभालीत दोन्ही यंत्रे आळशी माणसाला ओळखतात. फक्त शिक्षा वेगळी देतात.

जनरेटरची शिक्षा अचानक असते. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत गावोगाव दंडार आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. तेव्हा मंचामागे जनरेटर रोज राबतात आणि म्हणूनच ठणठणीत असतात. घरचा जनरेटर चार महिने झाकून ठेवला की बिघडतो. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. त्यातले जेट म्हणजे सुईने पाडावे एवढे भोक. ते बुजले की दोरी कितीही ओढा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतली ओल धरते. आमच्या श्रावणात हवेत ओलीखेरीज दुसरे काही नसतेच. म्हणून ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. टाकीतले पेट्रोल दोन महिन्यांत मोटारसायकलमध्ये ओतून संपवायचे. आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालवायचा, भार लावून. मिस्त्रीभाऊ हे महिन्याच्या पहिल्या रविवारी करतात, सकाळी सहाला.

बॅटरीची शिक्षा हळूहळू असते. तिच्या सहा झाकणांवर सहा तरंगत्या काड्या असतात, लाल-हिरव्या खुणांच्या. काडी बसली की डिस्टिल्ड वॉटर घालायचे. इतर ऋतूंत दोन-तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला बघायचे. नळाचे पाणी नाही, आरओचे नाही, आणि आम्ल तर मुळीच नाही, कारण उडते ते पाणी, आम्ल आत तसेच राहते. टर्मिनलवर पांढरा-निळसर फुलोरा आला की गरम पाण्याने धुऊन पेट्रोलियम जेली लावायची. आणि तिला देवघरात ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि शेजारी समई. आमच्याकडे एका घरात ती देवघरातच होती, कारण तिथेच कोपरा रिकामा होता. गुरुजींनी स्वतः जाऊन ती हलवायला लावली.

बॅटरी मरायला लागली हे कसे ओळखावे, हा आळीतला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. पहिली खूण, चार्जिंगचा हिरवा दिवा लवकर लागतो आणि पंखे अर्ध्या तासात थांबतात. दुसरी, एका झाकणाखालचे पाणी बाकीच्यांपेक्षा झपाट्याने उडते आणि बॅटरीची ती बाजू हाताला गरम लागते. बॅटरीवाला मग काचेची पिचकारी आणतो, हायड्रोमीटर. भरलेल्या बॅटरीत पाच खाने १२४० च्या जवळपास दाखवतात आणि एक ११५० वर बसलेला असतो. तो एक खाना गेला. सहांत एक गेला तरी बॅटरी गेली, कारण वीज सगळ्यांतून एकापाठोपाठच जाते. पण सहाही खाने सारखेच खाली असतील तर लगेच नवी घेऊ नये. तिचे पोट कधी भरलेलेच नसते.

आणि हे आमच्याकडे फार होते, ते उन्हाळी धानामुळे. फेब्रुवारी ते मे बांध्यांना पाणी द्यायला मोटरी चालतात. जिथे गावठाणाची आणि शेतीची लाईन नीट वेगळी नाही तिथे घरातला दाब १६०-१७० व्होल्टवर येतो. दिवे पिवळे पडतात, पंखा मोजता येईल असा फिरतो. इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटे बटण असते. त्यावर यूपीएस मोड लावलेला असेल तर साधारण १८० च्या खालच्या दाबाला इन्व्हर्टर लाईनच मानत नाही. मग लाईन असूनही घर बॅटरीवर चालते, आणि खरी लाईन जाते तेव्हा बॅटरी रिकामी. एका मावशींनी यापायी वर्षात बॅटरी बदलून घेण्यासाठी दुकानदाराशी भांडण मांडले होते. गुरुजींनी पाठीमागे हात घालून बटण नॉर्मलवर आणले आणि भांडण तिथेच राहिले. नॉर्मल मोडवर यंत्र शंभर-एकशेवीस व्होल्टपर्यंतही लाईन घेते. घरात संगणक नसेल तर यूपीएस मोडची गरजही नसते.

हेच बटण जनरेटरशी गाठ घालतानाही लागते. छोट्या जनरेटरची वीज डुलत असते, यूपीएस मोडवरचा इन्व्हर्टर तिला नाकारतो, नॉर्मलवर बहुतेक घेतो. पण फार आशा धरू नये. बॅटरी घाईने देत नाही तशी घाईने घेतही नाही, तासाला बारा-पंधरा अँपिअर. जनरेटर दोन तास चालवला तरी तासाभराच्या पंख्यांपुरतेच तिच्यात पडते. म्हणून जनरेटर चालू असेल त्या अर्ध्या-पाऊण तासात सगळे उरकायचे: टाकी, फ्रीज, मिक्सर, सगळ्यांचे मोबाइल, आणि बॅटरी जे घेईल ते.

बॅटरीचे तास वाढवायचा खरा मार्ग बॅटरीच्या दुकानात नाहीच, पंख्याच्या दुकानात आहे. ७५ वॅटचे तीन पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी लावले की भार ३०० वरून १६५ वर येतो. पंख्याला तीन हजार रुपये, तिघांचे नऊ. तीच जुनी बॅटरी मग साडेतीनऐवजी सातेक तास चालते, सावकाश मागितल्यामुळे थोडी जास्तच. म्हणजे रात्री दहाला लाईन गेली तर पहाटेपर्यंत झोप होते. कूलर मात्र या हिशेबात बसत नाही. तो एकटा दोनशे वॅट घेतो. मे महिन्यातल्या रात्री कूलर लावायचा की पहाटेपर्यंत पंखा, यावर दर घरी भांडण होते. त्यावर तांत्रिक उपाय नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरसाहेबांनी छतावर सोलर पॅनल बसवले, तेव्हा आम्हाला वाटले ते सुटले. पण त्यांचे पॅनल महावितरणच्या लाईनशी जोडलेले, बॅटरीशिवायचे. लाईन गेली की तेही नियमाप्रमाणे आपोआप बंद होतात, लाईनमनच्याच जिवासाठी. भर दुपारी, बारा लखलखीत पॅनलांखाली बसून डॉक्टरसाहेब पेपराने वारा घेतात.

तर राहिला प्रश्न पाण्याचा. वर्षातल्या दोन-तीन मुक्कामांसाठी पंचेचाळीस हजारांचे यंत्र घेऊन दर महिन्याला त्याची कॉकपूजा करायची का? त्यापेक्षा भाड्याने आणावा, हे मला शहाणपणाचे वाटते. बाजारातल्या बिछायत केंद्रवाल्याकडे वरातीच्या लायटिंगचे जनरेटर असतात, ते रोज चालतात म्हणून एका हिसक्यात सुरू होतात. अडचण एवढीच, की खांब पाडणारी वादळे एप्रिल-मेमध्ये येतात आणि लगीनसराईही तेव्हाच असते. गेल्या वादळात दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो तर तो म्हणाला, "सारे लग्नात गेले जी. सोमवारी या." मी म्हटले, पाणी नाही. तो म्हणाला, "मंग लग्नातच जेवाले जा ना, तिथं पानी हाय."

शेवटी मिस्त्रीभाऊंच्याच दारात गेलो. त्यांनी जनरेटर हातगाडीवर घातला आणि आळीत घरोघर फिरवला. दर घरी चेंजओव्हर नव्हता, म्हणून ते मोटरच्या स्टार्टरची वायर भिंतीतून काढून थेट जनरेटरला जोडत, अर्धा तास थांबत, आणि पुढच्या घरी जात. ज्याच्या त्याच्या बाटलीतले अर्धा लिटर पेट्रोल आणि तेलापाण्याचे वीस रुपये. गुरुजींच्या घरी मोटर दीड अश्वशक्तीची निघाली, दोनदा हुंहुं केली, उठली नाही. मिस्त्रीभाऊ त्यांना म्हणाले, "बॅटरीवर लावून पाहा जी." मग स्वतःच शेजारच्या टाकीतून नळी टाकून त्यांच्या दोन घागरी आणि एक टप भरून दिला, आणि वीस रुपये मात्र पूर्ण घेतले.